दवाखान्यासाठी पैसे पाहिजेत? फंड विकण्याआधी हा हिशेब करा

यवतमाळ : घरचं माणूस अचानक सावंगीला किंवा नागपूरला भरती करावं लागतं, अन् कापसाचे पैसे यायला अजून दोन-तीन महिने असतात. अशा वेळी जिल्ह्यातले नोकरदार, दुकानदार आणि एसआयपी करणारे शेतकरी पहिल्यांदा म्युच्युअल फंडाचे युनिट विकून टाकतात. पण युनिट न विकता ते तारण ठेवून कर्जही मिळते. मात्र ते प्रत्येक वेळी फायद्याचे असतेच असे नाही.

यात युनिट तुमच्याच नावावर राहतात. बँक किंवा वित्तीय कंपनी त्यावर ‘लिएन’ म्हणजे बोजा चढवते, जसा सातबाऱ्यावर चढतो तसा. ही नोंद कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांचे खाते सांभाळणाऱ्या संस्थांकडे होते आणि त्यासाठी मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून फोलिओला जोडलेला नंबर चालू असला पाहिजे. बोजा असेपर्यंत ते युनिट विकता येत नाहीत, पण त्यांची किंमत बाजाराप्रमाणे वाढत-घटत राहते. करबचतीच्या ईएलएसएस फंडाचे तीन वर्षे पूर्ण न झालेले युनिट तारण चालत नाहीत.

शेअर बाजारात गुंतणाऱ्या इक्विटी फंडावर साधारण किमतीच्या निम्म्यापर्यंत मर्यादा मिळते, डेट फंडावर त्याहून जास्त. कर्ज बहुतेक ओव्हरड्राफ्टसारखे असते. जितके उचलले, जितके दिवस वापरले, तितकेच व्याज.

एक उदाहरण घेऊ. समजा, दारव्ह्याच्या एका दुकानदाराकडे ४ लाखांचे इक्विटी फंडाचे युनिट आहेत. मर्यादा मिळाली २ लाख. दवाखान्यासाठी त्याने दीड लाख उचलले आणि ९० दिवसांनी फेडले. व्याज वर्षाला साडेदहा टक्के धरले तर होते सुमारे ३,८८४ रुपये. प्रक्रिया शुल्क हजार रुपये आणि त्यावर जीएसटी १८० रुपये धरला तर एकूण खर्च पाच हजारांच्या थोडा वर. हीच रक्कम महिना ३ टक्क्यांनी सावकाराकडून घेतली असती तर तीन महिन्यांचे व्याजच साडेतेरा हजार झाले असते.

आता विकण्याचा खर्च पाहू. युनिट घेऊन वर्ष झाले नसेल तर बऱ्याच इक्विटी फंडांत १ टक्का एक्झिट लोड कापला जातो, म्हणजे दीड लाखावर १,५०० रुपये. त्यात २० हजार नफा असेल तर अल्पमुदतीचा कर २० टक्के, अधिक सेस, मिळून ४,१६० रुपये. बेरीज ५,६६० रुपये. म्हणजे कर्ज आणि विक्री जवळपास सारखेच पडले.

पण युनिट वर्षाहून जुने असतील तर चित्र उलटते. एक्झिट लोड सहसा लागत नाही आणि आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही. अशा वेळी विकायला जवळपास काहीच खर्च येत नाही, कर्जाला मात्र पाच हजार लागतात. तेव्हा ‘कर्ज घेतलं म्हणजे वाचलो’ असे समजू नका. युनिट नवे असतील, नफा मोठा असेल आणि पैसे परत कुठून व कधी येणार हे पक्के असेल, तेव्हाच कर्जाचा विचार करावा.

खरा धोका बाजार पडण्याचा. जानेवारी ते २३ मार्च २०२० या काळात निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता. आपल्या दुकानदाराचे ४ लाख ३५ टक्क्यांनी घसरले तर उरतात २ लाख ६० हजार, आणि मर्यादा होते १ लाख ३० हजार. उचललेत दीड लाख. मग वीस हजार भरा किंवा आणखी युनिट तारण द्या, असा निरोप येतो. मुदत थोड्याच दिवसांची असते. ती चुकली की बँक युनिट विकते, तेही नेमके भाव पडलेले असताना. त्याने पूर्ण दोन लाख उचलले असते तर ५ टक्के घसरणीतच हा निरोप आला असता. म्हणून मर्यादेच्या निम्मेच उचललेले बरे.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : सगळी शुल्के मिळून किती, तूट भरायला किती दिवस, आणि कर्ज फिटल्यावर बोजा किती दिवसांत उतरतो. फेडल्यानंतर बोजा आपोआप उतरला असे धरू नका. फंडाच्या खातेउताऱ्यात ‘लिएन’ची नोंद गेली की नाही, हे स्वतः पाहा.

अन् कापसाचे पैसे हाती आले की पहिला भरणा याच खात्यात करा. रोजच्या रोज व्याज चढत असते.