नळीत घटणारी साखर

उपाशीपोटी रक्त तपासून आलेल्या कागदावर '९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' असा आकडा असतो. तो रक्त काढतानाचाच आकडा आहे, असे आपण धरून चालतो. पण साध्या नळीत रक्त तसेच ठेवले, तर त्यातली साखर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी घटते. दोन तासांनी नव्वदची ऐंशी होते. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर उचलत राहतात. ती कशी उचलतात, हे समजण्यासाठी छोटी बेरीज करावी लागते.

तांबड्या पेशीत ग्लुकोज शिरले की पहिल्याच पायरीवर त्याला फॉस्फेटचा एक गट जोडला जातो आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होते. या गटावर विद्युतभार असल्याने हा रेणू पेशीच्या आवरणातून परत बाहेर पडू शकत नाही. साखर आत अडकते. अडचण अशी की ही जोडणी आपणहून होणारी नाही. रसायनशास्त्रात याचा हिशेब मुक्त ऊर्जेने मांडतात. क्रियेत मुक्त ऊर्जा घटत असेल, म्हणजे फरक ऋण असेल, तर क्रिया पुढे जाऊ शकते. फरक धन असेल, तर तो चढ. ग्लुकोजला साधा फॉस्फेट जोडण्याचा प्रमाण फरक आहे मोलमागे +१३.८ किलोज्यूल.

हा चढ किती मोठा आहे ते पेशीच्या मापात पाहू. नव्वद मिलिग्रॅम साखर म्हणजे लिटरमागे ५ मिलिमोल. तांबड्या पेशीत सुटा फॉस्फेट असतो सुमारे १.६५ मिलिमोल. केवळ या दोघांच्या भरवशावर समतोल साधला, तर शरीराच्या ३७ अंशांना ग्लुकोज-६-फॉस्फेट बनेल लिटरमागे जेमतेम ०.०४ मायक्रोमोल. प्रत्यक्षात पेशीत ते सुमारे ८३ मायक्रोमोल आढळते, म्हणजे दोन हजार पटींहून अधिक. ही तफावत एटीपी भरून काढते.

एटीपी हा तीन फॉस्फेट गटांची साखळी असलेला रेणू. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातून तिकडे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. पाण्याने त्याचा शेवटचा गट सुटला की एडीपी आणि फॉस्फेट उरतात, आणि फरक येतो −३०.५ किलोज्यूल. बंध तुटला म्हणून ऊर्जा बाहेर पडली, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. साखळीतले एकमेकांना ढकलणारे ऋणभार सुटे झाल्यावर, आणि फॉस्फेट व एडीपी पाण्यात अधिक स्थिर असल्यामुळे, एकूण हिशेब उताराचा होतो.

आता दोन्ही क्रिया एकाखाली एक मांडू.

ग्लुकोज + फॉस्फेट → ग्लुकोज-६-फॉस्फेट + पाणी : +१३.८
एटीपी + पाणी → एडीपी + फॉस्फेट : −३०.५
बेरीज: ग्लुकोज + एटीपी → ग्लुकोज-६-फॉस्फेट + एडीपी : −१६.७

दोन्ही बाजूंचे पाणी आणि फॉस्फेट एकमेकांत कटले. चढाचा उतार झाला.

पण ही बेरीज करण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळाला? जुनी मोट आठवा. बैल धावेवरून उताराला चालतात आणि विहिरीतून पाण्याने भरलेली मोट वर येते. एक उतरतो, दुसरे चढते, कारण मध्ये नाडा आहे. नाडा तुटला तरी बैल उतरतीलच, पण पाणी विहिरीतच राहील. पेशीत एटीपीचे जलविघटन एका कोपऱ्यात आणि ग्लुकोजची जोडणी दुसऱ्या कोपऱ्यात झाली, तर पहिल्याची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाईल. कागदावरची बेरीज तेव्हा अर्थहीन ठरते.

इथला नाडा म्हणजे हेक्सोकायनेज हे विकर. प्रत्यक्षात एटीपीची पाण्याशी गाठ पडतच नाही. विकराच्या खोबणीत ग्लुकोज बसले की विकराचे दोन भाग मिटतात, पाणी बाहेर ढकलले जाते आणि एटीपीचा शेवटचा फॉस्फेट थेट ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनकडे जातो. वर आपण जे दोन टप्पे लिहिले, ते फक्त हिशेबासाठी होते.

नाडा सुटला तर काय होते, हे झायलोज या साखरेने दाखवता येते. तिची ठेवण ग्लुकोजसारखीच, पण फॉस्फेट घेणारा सहावा कार्बनच नाही. ती खोबणीत बसते, विकर मिटते, पण रिकाम्या राहिलेल्या जागेत पाण्याचा रेणू शिरतो आणि फॉस्फेट त्याच्याकडे जातो. एटीपी खर्च होत राहतो, साखरेला मात्र काहीच जोडले जात नाही. एडीपी वाढतो आहे आणि साखरेचा फॉस्फेट मात्र कुठे सापडत नाही, हीच जोडणी सुटल्याची खूण.

वरचे −१६.७ हे प्रमाण स्थितीतले, जिथे प्रत्येक पदार्थ लिटरमागे एक मोल धरतात. पेशीत तसे नसते. तांबड्या पेशीत एटीपी सुमारे २.२५ आणि एडीपी सुमारे ०.२५ मिलिमोल असतो. उत्पादितांचा गुणाकार भागिले अभिकारकांचा गुणाकार, हे गुणोत्तर इथे एकास सुमारे साडेपाचशे इतके कमी येते. ते दहापट घटले की ३७ अंशांना आणखी ५.९ किलोज्यूलचा उतार मिळतो. साडेपाचशे पटींसाठी सुमारे १६. म्हणजे पेशीतला खरा उतार −३३ च्या जवळ जातो. एवढ्या उतारावरून क्रिया मागे फिरत नाही. ग्लुकोज परत सोडायला यकृत वेगळे विकर वापरते. ते तांबड्या पेशीत नसते. म्हणून नळीतली गेलेली साखर परत येत नाही.

हा उतार टिकतो तो एटीपी भरपूर आणि एडीपी कमी ठेवला जातो म्हणून. बैल खाली पोचले की त्यांना पुन्हा वर आणावे लागते. तांबड्या पेशीत हे काम साखर फोडण्याच्या पुढच्या पायऱ्या करतात. प्रयोगशाळेतल्या राखाडी बुचाच्या नळीतले फ्लोराइड नेमके तिथे, एनोलेज या खालच्या पायरीवर घाव घालते. एटीपीचा परतावा आटतो, आणि शेवटी हेक्सोकायनेजलाही एटीपी मिळेनासा होतो. मात्र वरची पायरी लगेच बंद पडत नाही. शिल्लक एटीपी संपेपर्यंत पहिले एक-दोन तास, कधी त्याहून अधिक, साखर घटतच राहते. सायट्रेट असलेल्या नळीत रक्त आम्ल होते आणि वरच्या पायऱ्यांची विकरेच लगोलग मंदावतात, म्हणून ती नळी साखर अधिक चांगली राखते.

मधुमेहाचे निदान सव्वाशे-एकशे सव्वीसच्या सीमेवर होते. तिथे पाच-सात टक्क्यांची घट रुग्णाला निरोगी ठरवू शकते. म्हणून आपला अहवाल या सीमेच्या जरा खाली आला, तर एक प्रश्न जरूर विचारा: रक्त काढल्यावर नळी कोणती होती, आणि पेशी वेगळ्या करायला किती वेळ लागला?