इंधन दुप्पट, वेग दीडपट

5 नोव्हेंबर 2013 रोजी मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले तेव्हा त्याचे वस्तुमान सुमारे 1337 किलो होते. त्यातले 852 किलो नुसते इंधन, म्हणजे इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडकारक मिळून. एवढ्या शिदोरीवर यानाला आपला वेग एकूण किती बदलता येईल?

बाहेरून बल लागले नाही तर संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कायम राहतो हे शाळेत शिकलेले असते. मग घाईत वाटते, mv कायम, m घटले, म्हणून v वाढला. पटतेही. पण हेच स्थिर यानाला लावून पाहा. तिथे mv शून्य आहे, ते शून्यच राहणार, आणि यान जन्मात हलणार नाही! बाहेर पडलेला वायू हिशेबातून निसटल्यामुळे हा घोटाळा होतो. संवेग कायम राहतो तो यान आणि वायू या दोघांचा मिळून.

तेव्हा दोघांनाही धरू. यानाचे वस्तुमान m, वेग v. एका क्षणात इंजिनाने q एवढा वायू मागे फेकला. यानावरून मोजला तर त्याचा वेग u. यानाचा वेग dv ने वाढला. बाहेरून पाहणाऱ्याला वायूचा वेग v − u दिसेल. म्हणून

mv = (m − q)(v + dv) + q(v − u)

कंस सोडवले की mv आणि qv कटतात. q·dv हा दोन अतिसूक्ष्म राशींचा गुणाकार, तो सोडून द्यायचा. उरते m·dv = u·q. यातून v पार नाहीसा झाला, म्हणजे यान आधीच किती वेगात आहे याने वेगवाढीत काही फरक पडत नाही. यानाचे वस्तुमान q नेच घटते, म्हणून dm = −q, आणि

dv = −u·dm/m

सुरुवातीच्या m₀ पासून शेवटच्या m₁ पर्यंत याचे संकलन केले की

Δv = u·ln(m₀/m₁)

कालुगा गावातले रशियन शिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी 1903 मध्ये हे सूत्र प्रसिद्ध केले.

आता आकडे घालू. अशा द्रव इंधनाच्या इंजिनात u सेकंदाला साधारण 3 किलोमीटर असतो. 1337 भागिले 485 म्हणजे 2.76, त्याचा नैसर्गिक लघुगणक 1.01. वेगातला एकूण बदल सेकंदाला सुमारे 3 किलोमीटर. यातले 1.1 किलोमीटर 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळापाशी खर्ची पडले, तेही इंजिनाचे तोंड पुढे करून वेग कमी करण्यासाठी.

समजा इंधन दुप्पट भरले. गुणोत्तर 4.5 होते, लघुगणक दीड, आणि वेगबदल 4.5 किलोमीटर. जास्तीचे इंधन आधी जास्तीचेच इंधन वाहून नेण्यात खपते. मोठ्या टाक्यांचे वजन तर आपण धरलेलेही नाही.

सूत्रात गुरुत्वाकर्षण नाही, हेही विसरून चालत नाही. सरळ वर जाणाऱ्या रॉकेटसाठी त्यातून gt वजा करावे लागते. मंगळयानाचे मुख्य इंजिन फक्त 440 न्यूटनचे होते. पृथ्वी सोडण्याइतका वेग एका दमात कमवायचा तर ते तासभर पेटते ठेवावे लागले असते, आणि तोवर यान पृथ्वीपासून दूर, उंचावर जाऊन बरेच इंधन वाया गेले असते. म्हणून पृथ्वीजवळून जाताना दर खेपेस थोडा वेळ इंजिन पेटवून कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली.