नाव हरवलेल्या फाइलची ओळख

कॉपी चालू असतानाच पेनड्राइव्ह उपसला किंवा मधेच वीज गेली, की पुढच्या वेळी तो जोडल्यावर विंडोज त्यात बिघाड असल्याचे सांगते आणि दुरुस्तीची परवानगी मागते. दुरुस्ती होते, पण काही फोल्डर दिसेनासे झालेले असतात. त्यांच्याऐवजी FOUND.000 नावाचे, बहुधा लपवलेले, एक फोल्डर येते आणि त्यात FILE0000.CHK, FILE0001.CHK अशा एकसारख्या नावांच्या फाइल असतात. लग्नाचे फोटो कोणते, दुकानाचा हिशेब कोणता, काही कळायला मार्ग नसतो. पुष्कळ जण इथे हात टेकतात आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतात. ही घाई महागात पडते, कारण फाइलमधला मजकूर बहुधा शाबूत असतो.

फाइलचे नाव आणि टिंबानंतरचे .docx किंवा .jpg हे एक्स्टेन्शन फाइलच्या आत लिहिलेले नसतेच. पेनड्राइव्हवर एका वेगळ्या यादीत नाव, तारीख, आकार आणि मजकूर कुठून सुरू होतो एवढी नोंद असते. ग्रंथालयातले सूचीकार्ड हरवले तरी पुस्तक कपाटातच राहते, तसे इथे होते. दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रॅमला मजकुराचे सलग तुकडे सापडतात, पण त्यांचे नाव सापडत नाही. म्हणून तो त्यांना क्रमांक देऊन .CHK हे एक्स्टेन्शन लावतो.

आता ओळख पटवायची ती आतल्या मजकुरावरून. बहुतेक प्रकारच्या फाइल स्वतःची खूण पहिल्या काही बाइटमध्येच बाळगतात. ती वाचण्यासाठी हेक्स एडिटर लागतो. HxD हा विंडोजवरचा असा एक मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात प्रत्येक बाइट दोन अंकी किंवा अक्षरी संकेताने दिसतो आणि उजवीकडच्या स्तंभात, वाचता येण्याजोगा असेल तर, त्याचे अक्षर दिसते. त्याआधी सगळ्या .CHK फाइल संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि पेनड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये.

फोटो आणि पीडीएफ चटकन ओळखू येतात. कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या फोटोची सुरुवात FF D8 FF अशी असते. पीडीएफ तर उजव्या स्तंभात %PDF- असे स्वतःचे नावच सांगते. फाइल MZ या दोन अक्षरांनी सुरू होत असेल तर मात्र जपावे. ती बहुधा विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम असते. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ती आद्याक्षरे आहेत. अनोळखी ठिकाणाहून ‘बिल’ किंवा ‘फोटो’ म्हणून आलेल्या फाइलच्या सुरुवातीला MZ दिसले, तर ती उघडूच नये.

खरी कसोटी लागते ती अशा फाइलपाशी. समजा FILE0003.CHK ची सुरुवात अशी दिसली:

```
50 4B 03 04 14 00 06 00 08 00 00 00 21 00
```

पहिल्या दोन बाइटांची अक्षरे होतात PK. झिप हा प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. म्हणजे ही झिप फाइल आहे, आणि तिला .zip लावले की काम संपले, असे वाटते. पण २००७पासूनच्या वर्डचे दस्तऐवज, एक्सेलचे तक्ते, पॉवरपॉइंटची सादरीकरणे, ई-पुस्तके आणि अँड्रॉइडची अ‍ॅप हे सगळे आतून झिपच असते. पहिल्या चार बाइटांवरून घराणे कळले, व्यक्ती नाही.

म्हणून थोडे पुढे वाचायचे. झिपमध्ये पहिल्या ३० बाइटांनंतर आतल्या पहिल्या फाइलचे नाव उघड अक्षरांत लिहिलेले असते. आपल्या फाइलमध्ये तिथे [Content_Types].xml दिसले, तर ती ऑफिसची फाइल असण्याचा दाट संभव आहे. कुठली, हे ठरवण्यासाठी तिच्या प्रतीला .zip लावून ती उघडावी. आत word नावाचे फोल्डर असेल तर तो वर्डचा दस्तऐवज, xl असेल तर एक्सेलचा तक्ता, ppt असेल तर पॉवरपॉइंट. ई-पुस्तकात हीच जागा mimetype या नावाची असते आणि लगेच application/epub+zip हे शब्द येतात. आपल्या फाइलमध्ये word निघाले. तिचे नाव बदलून.docx केले की ती वर्डमध्ये उघडायला हवी.

तरीही वर्ड कधी कधी ‘फाइल खराब आहे’ अशी तक्रार करते. त्याचे एक कारण साधे आहे. पेनड्राइव्हवरची जागा ठरावीक मापाच्या खणांत वाटलेली असते आणि मजकूर शेवटचा खण पूर्ण भरतोच असे नाही. मजकूर नेमका कुठे संपतो ही नोंद हरवलेल्या यादीतच होती. त्यामुळे .CHK फाइलच्या शेपटीला उरलेल्या खणातला जुना कचराही चिकटून येतो. अशा वेळी वर्डने देऊ केलेली दुरुस्ती स्वीकारून पाहावी.

२००७च्या आधीच्या ऑफिसची खूण वेगळी आहे: D0 CF 11 E0. ती जुन्या .doc, .xls आणि .ppt तिन्हींना सारखीच असते. इथे एक चकवा आहे. नव्या .docx फाइलला उघडण्याचा पासवर्ड लावला, तर तिचा PK जातो आणि तिची सुरुवातही D0 CF 11 E0 अशी होते, कारण ऑफिस कुलूपबंद मजकूर जुन्या पद्धतीच्या वेष्टनात ठेवते. HxD मध्ये EncryptedPackage हा शब्द शोधावा. अक्षरांमध्ये रिकामे बाइट असल्याने तो विरळ दिसतो, म्हणून शोधताना ‘युनिकोड’ हा पर्याय निवडावा लागतो. सापडला, तर फाइल बिघडलेली नाही, पासवर्ड आठवायला हवा.

साध्या मजकुराच्या फाइलला खूण नसते. तिथे बाइटांची ठेवण पाहावी लागते. आजकाल प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पहिला E0 आणि दुसरा A4 किंवा A5. ‘म’ म्हणजे E0 A4 AE. उजव्या स्तंभात कचरा दिसत असला तरी डावीकडे E0 A4, E0 A5 ही जोडी सतत येत राहिली, तर समोर मराठी किंवा हिंदीसारख्या देवनागरी भाषेचा मजकूर आहे. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या जुन्या मराठीची गोष्ट अधिक कठीण आहे. तिच्यात देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले होते. अशी साधी फाइल निरर्थक इंग्रजीसारखी दिसते आणि कुठल्या फाँटात टंकली हे बाइट सांगत नाहीत. तो फाँट आठवणारा माणूसच लागतो.

फाइल शेकड्याने असतील तर एकेक उघडत बसण्याची गरज नाही. युनिक्सवर १९७३पासून file नावाची आज्ञा आहे आणि लिनक्स व मॅक संगणकांवर आजही ती असते. खुणांची मोठी सूची जवळ बाळगून ती फाइलचे बाइट ताडून पाहते:

```
$ file FILE0003.CHK
FILE0003.CHK: Microsoft Word 2007+
```

याच आज्ञेने नुसते data असे उत्तर दिले, तर तिला खूण सापडलेली नाही. ती फाइल हेक्स एडिटरमध्ये बघावी. सुरुवातीपासून शेवटापर्यंत 00 असेल, तर फाइलसाठी जागा राखली गेली होती, पण मजकूर तिथे पोचलाच नाही. आकार कितीही मोठा दिसला तरी तिच्यातून काही निघणार नाही. बाइट मिसळलेले असतील, तर तो एखाद्या मोठ्या फाइलचा मधला तुकडा असू शकतो, म्हणजे खूण असलेले डोके दुसऱ्याच .CHK मध्ये गेलेले असते. फोटो अर्धाच उघडून खाली करडा पट्टा दिसला, तर त्याचा उरलेला भाग अशाच एखाद्या data फाइलमध्ये असण्याची शक्यता आहे. त्या फाइल लगेच पुसू नयेत.