बहात्तर तासांची सुई

रुग्णाच्या हाताला व्हेनफ्लॉन लावलं, की सिस्टर वरच्या चिकटपट्टीवर पेनानं तारीख आणि वेळ लिहिते. बहात्तर तास भरले की ते काढायचं आणि दुसऱ्या हाताला नवं टोचायचं, असा पुष्कळ वॉर्डांत शिरस्ता आहे. जुनं उत्तम चालत असलं तरीही. एम.एस्सी. नर्सिंगची एक विद्यार्थिनी याच विषयावर प्रबंध करायचा म्हणून माझ्याकडे आली. शीर्षक ती ठरवूनच आली होती : व्हेनफ्लॉनच्या काळजीबाबत स्टाफ नर्सच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आपल्याकडे या साच्याची शीर्षकं इतकी येतात, की विषय तेवढा खोडून नवा घालायचा बाकी असतो.

मी विचारलं, "बहात्तर तासच का?"

"मॅडम, त्यानंतर शीर सुजते ना."

"कुणी पाहिलं?"

ती हसली आणि फाइल पुढे केली. साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण तयार होतं. तीस अभ्यास, प्रत्येकाला एक परिच्छेद. अमक्यानं अमुक साली इतक्या रुग्णांवर पाहणी केली, पुढचा परिच्छेद, तमक्यानं तमुक साली. हे अभ्यास सापडले कुठे आणि हेच का घेतले, याबद्दल एक ओळ नव्हती. बहात्तर तासांच्या प्रश्नाचं उत्तर तर तीसही परिच्छेद वाचून मिळत नव्हतं. सामान भरपूर आणि घर नाही, अशी ती अवस्था होती.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आधी प्रश्न चार खणांत बसवला. रुग्ण कोण : वॉर्डात दाखल असलेले प्रौढ. काय करायचं : गरज दिसेल तेव्हाच, म्हणजे दुखलं, सुजलं किंवा बंद पडलं तरच व्हेनफ्लॉन बदलायचं. कशाशी तुलना : ठरलेल्या वेळी बदलण्याशी. काय मोजायचं : शिरेची सूज, म्हणजे फ्लेबायटिस, आणि रक्तातला जंतुसंसर्ग. नर्सिंगमध्ये या चौकटीला 'पिको' म्हणतात. तिचा फायदा असा, की शोधायचे शब्द त्या खणांतूनच निघतात.

शब्दांपाशी मात्र पहिली ठेच लागली. आपल्या वॉर्डात कुणी व्हेनफ्लॉन म्हणतं, कुणी इंट्राकॅथ. ही कंपन्यांची नावं. शोधनिबंधांत कुणी कॅन्युला लिहितं, कुणी कॅथेटर. ज्ञान एकच, पण चार नावांच्या पेट्यांत पडलेलं. म्हणून एका अर्थाचे सगळे शब्द OR नं जोडायचे आणि वेगवेगळे खण AND नं. पबमेड या मोफत सूचीत प्रत्येक निबंधाला विषयानुसार ठरावीक शीर्षकं दिलेली असतात, त्यांना 'मेश' म्हणतात. ती शीर्षकंही शोधात घ्यायची आणि साधे शब्दही, कारण अगदी ताज्या निबंधांना मेश अजून लागलेलं नसतं. तारांकन चिन्ह दिलं की शब्दाची सगळी रूपं येतात. तिचा शेवटचा शोध असा झाला :

```
("Catheterization, Peripheral"[Mesh] OR cannula*[tiab]
 OR catheter*[tiab])
AND ("Phlebitis"[Mesh] OR phlebitis[tiab]
 OR "bloodstream infection*"[tiab])
AND (routine[tiab] OR replac*[tiab]
 OR "clinically indicated"[tiab])
```

शोध नीट बसला की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. त्या विषयावरचे दोनतीन नावाजलेले निबंध आधीच माहीत असतात. ते यादीत आले नाहीत, तर जाळ्याला भोक आहे. तिच्या पहिल्या प्रयत्नात कॅथेटर हा शब्दच राहिला होता, आणि जो अभ्यास या विषयात सगळे जण दाखवतात तोच गायब होता. पबमेडबरोबर नर्सिंगची खास सूची सिनाल आणि कॉक्रेन लायब्ररी पाहिली. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. प्रत्येक ठिकाणी कोणत्या तारखेला कोणते शब्द टाकले आणि किती निबंध आले, हे एका वहीत लिहून ठेवायला लावलं. आधी तिला हा कारकुनी जाच वाटला. पण पुढे परीक्षकाला किंवा आणखी कुणाला तोच शोध करून पाहायचा झाला, तर वाट दाखवणारी वही हीच.

निबंध आत घ्यायचे निकष वाचायला बसण्याआधी ठरवावे लागतात. नंतर ठरवले, तर आवडलेला निबंध आत येतो आणि अडचणीचा बाहेर राहतो, आपल्यालाही न कळता. तिनं नवजात बालकं वगळली, कारण त्यांच्या शिरा आणि सुया दोन्ही निराळ्या. मानेतून किंवा छातीतून हृदयाजवळ नेलेल्या सेंट्रल लाइन वगळल्या, कारण तिथला संसर्गाचा धोका वेगळ्याच पातळीचा. ही कारणं विषयातून आलेली. "फक्त गेल्या दहा वर्षांतले निबंध" हा तिचा तिसरा निकष मात्र मी खोडला. तो महाविद्यालयांत सवयीनं घातला जातो. या विषयातली सर्वांत मोठी चाचणी २०१२ सालची आहे. दहा वर्षांचं कुंपण घातलं असतं तर तीच बाहेर राहिली असती. वर्षाची मर्यादा घालायचीच, तर त्याला कारण हवं : उपकरण बदललं, मार्गदर्शक सूचना बदलल्या, असं काही. गाळणी करताना आधी नुसतं शीर्षक आणि सारांश वाचायचा, मग उरलेल्यांचा पूर्ण निबंध. आणि पूर्ण वाचून जो वगळला त्याचं कारण नोंदवायचं. या गळतीचा आकडेवार आराखडा काढण्याची 'प्रिझ्मा' ही पद्धत आता सर्वमान्य आहे.

इथवरचं काम चिकाटीचं आहे. डोकं लागतं ते पुढे, निबंध तपासताना. यासाठी तयार प्रश्नावल्या मिळतात. तिनं 'कॅस्प' नावाची घेतली. पण प्रश्नावली भरून दहापैकी आठ गुण दिले म्हणजे परीक्षण झालं, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गुण देणं सोपं. त्या उणिवेनं उत्तर कोणत्या बाजूला झुकलं असेल, हे सांगणं अवघड.

२०१२ ची ती चाचणी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या तीन रुग्णालयांत झाली आणि 'लॅन्सेट'मध्ये आली. ३,२८३ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. ठरल्या वेळी बदललेल्यांत ७ टक्के जणांना फ्लेबायटिस, गरजेप्रमाणे बदललेल्यांतही ७ टक्के. माझी विद्यार्थिनी खूश झाली : म्हणजे बहात्तर तासांचा नियम उगाचच! नंतर तिला कॉक्रेनचा २०१९ चा आढावा मिळाला : नऊ चाचण्या, ७,४१२ रुग्ण, निष्कर्ष तोच, स्पष्ट फरक दिसत नाही. तिनं लिहिलं, "दोन मोठ्या अभ्यासांनी हेच सिद्ध केलं आहे." इथे मी तिला थांबवलं. त्या नऊ चाचण्यांत क्वीन्सलंडची चाचणीही आहेच. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा मोजली गेली होती. आढाव्यांचा आढावा घेताना ही चूक सर्रास होते, आणि ती पकडायची तर कॉक्रेनच्या आत जाऊन समाविष्ट चाचण्यांची यादी वाचावी लागते.

दुसरा मुद्दा व्याख्येचा. क्वीन्सलंडच्या चाचणीत दुखणं, लाली, सूज, पू, हाताला लागणारी टणक शीर अशा लक्षणांपैकी किमान दोन दिसली तरच फ्लेबायटिस धरलं होतं. एखाद्या दुसऱ्या अभ्यासात नुसती लाली पुरत असेल, तर तिथले आकडे आपोआप मोठे येतील. अशा दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडून "भारतात प्रमाण जास्त" असं म्हणणं म्हणजे एक माप शेरात आणि दुसरं किलोत घेऊन भाव ठरवणं.

आणि मग जिनिव्हा आलं. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयांनी २०१८ च्या एप्रिलपासून ठरल्या वेळी बदलणं सोडून गरजेप्रमाणे बदलणं सुरू केलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार लाखांहून अधिक सुया मोजल्या आहेत. धोरण बदलण्याआधी २,४१,४३२ सुयांमागे रक्तातल्या संसर्गाच्या ११ घटना होत्या. बदलल्यावर १,३०,७७९ सुयांमागे ४६. म्हणजे आधी साधारण बावीस हजारांत एक, नंतर अठ्ठावीसशेत एक. जुनी पद्धत परत आणल्यावर ४०,४२० सुयांमागे मोजक्याच घटना नोंदल्या गेल्या.

ती गोंधळली. पुस्तकातल्या उतरंडीप्रमाणे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी वरची आणि आधी-नंतरची तुलना खालची. मग जिनिव्हा सोडून द्यायचं? मी तिला कागदावर हिशेब करायला सांगितला. क्वीन्सलंडमध्ये एकूण ५,९०७ सुया, म्हणजे एका गटात साधारण तीन हजार. धोका जिनिव्हाइतका वाढला आहे असं धरलं, तरी तीन हजार सुयांत जेमतेम एक घटना दिसायची. ती चाचणी वाईट नव्हती. फ्लेबायटिसबद्दल तिचं म्हणणं भक्कमच आहे. पण रक्तातल्या संसर्गासारखी दुर्मीळ गोष्ट दिसायला ती फार लहान होती. "फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वाक्यं वेगळी आहेत, हे तिला त्या कागदावर कळलं. जिनिव्हाच्या अभ्यासात उणिवा आहेतच : त्या काळात आणखी काय काय बदललं असेल, ते पूर्ण वेगळं काढता येत नाही. तरी जुन्या पद्धतीबरोबर आकडा खाली आला, हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही.

त्यानंतर तिचं प्रकरण लेखकवार राहिलंच नाही. शिरेची सूज, रक्तातला संसर्ग आणि सुईची पाहणी असे तीन भाग झाले, आणि प्रत्येक भागात निबंध एकमेकांशी बोलू लागले. तिसरा भाग तिला स्वतःला सुचला. गरज दिसेल तेव्हा बदला, असं म्हणायचं तर गरज पाहणारं कुणी हवं. कॉक्रेनचे लेखकही प्रत्येक पाळी बदलताना सुईची जागा बघायला सांगतात. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असतील, तर ते कोण बघणार? शिक्षण कार्यक्रमाचं शीर्षक तिनं सोडलं. आता तिचा प्रबंध तिच्याच रुग्णालयात सुईची पाहणी प्रत्यक्षात किती वेळा होते आणि किती वेळा नोंदली जाते, यावर आहे.

प्रबंध बांधायला टाकण्याच्या महिनाभर आधी, वही उघडून तेच शब्द त्याच सूचींत पुन्हा टाका. २०२० साली जिचा शोध संपला असेल, तिच्या आढाव्यात जिनिव्हा नाही.