घटस्फोटानंतर मूल कोणाकडे? न्यायालय कसे ठरवते, समजून घ्या

समजा, पुण्यातील एक जोडपे विभक्त होत आहे. मुलगी चार वर्षांची. वडिलांचा पगार आईच्या तिप्पट, घरही त्यांच्याच नावावर. मग मुलगी वडिलांकडे जाणार का? बहुतेक पालकांना हीच धास्ती असते. मात्र न्यायालयाचा पहिला प्रश्न पैशांचा नसतोच.

ताबा आणि पालकत्व एकच का?
नाही. मूल रोज कोणाकडे राहणार, तो ताबा. त्याच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार म्हणजे पालकत्व. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. मात्र गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की 'नंतर' म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते.

पाच वर्षांचा नियम काय?
याच कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. त्यामुळे आपल्या उदाहरणात आईचे पारडे जड आहे. वडिलांना ताबा हवा असेल, तर आईकडे राहणे मुलीच्या हिताचे नाही हे त्यांना दाखवावे लागेल. नुसता जास्त पगार पुरेसा नाही. कमी कमावणाऱ्या आईला वडिलांकडून मुलीचा खर्च मिळू शकतो.

मूल मोठे असेल तर?
मुलगी नऊ वर्षांची असती, तर तिची शाळा, तिला रोज कोण सांभाळते, कोणाशी तिची जवळीक आहे, हे पाहिले गेले असते. समजण्याइतके वय असेल, तर न्यायाधीश मुलाशी स्वतंत्रपणे बोलतात. पण त्याची इच्छा म्हणजे अंतिम निकाल नव्हे. पढवलेले उत्तर अनेकदा लक्षात येते; मूल मोठ्यांच्या भाषेत आरोप करू लागले, की शंका येते.

ताबा नसलेल्या पालकाचे काय?
त्याला भेटीचा हक्क मागता येतो. खटला सुरू असतानाही अंतरिम अर्ज करता येतो. संमतीने घटस्फोट घेताना 'भेटू दिले जाईल' एवढेच लिहिण्याची चूक अनेक जण करतात. वार, वेळ, ठिकाण, सुट्ट्यांची वाटणी आणि व्हिडीओ कॉल हे सगळे लिहून घ्यावे. आदेश मोघम असेल, तर तो मोडला हे सिद्ध करणे अवघड जाते.

मुलाला दुसऱ्या शहरात नेले तर?
ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात करायचा असतो. आठवड्यापूर्वी मुलीला नागपूरला नेले, म्हणून तिचे राहण्याचे ठिकाण आपोआप बदलत नाही. उलट असे परस्पर नेणे त्या पालकाच्या विरोधात जाऊ शकते.

निकाल कायमचा असतो का?
नाही. नोकरी, आजारपण, पुनर्विवाह किंवा मुलाच्या गरजा यांमुळे परिस्थिती बदलली, तर आदेश बदलून मागता येतो. आज चार वर्षांच्या मुलीसाठी झालेला आदेश ती बारा वर्षांची झाल्यावर तसाच राहील असे नाही. तेव्हाही प्रश्न तोच असेल: आता तिचे हित कशात आहे?