नदीपलीकडचा टॉवर

गणेशपुरीच्या आसपासच्या डोंगरात एखाद्या घळीत उतरलं, की फोनवर आपल्या कंपनीचं नाव पुसलं जातं. दुसऱ्या कंपनीचा टॉवर समोरच्या टेकडीवर दिसत असतो, त्याच्या लहरी आपल्या फोनपर्यंत पोचतही असतात; तरी फोन मुका राहतो. दोन कंपन्यांत करार नसेल, तर ते जाळं आपल्या सिमला नकार देतं. परदेशात मात्र तिथल्या कंपन्यांशी आपल्या कंपनीचा करार आधीच झालेला असतो. तिथे दार उघडं असतं, आणि म्हणूनच सीमेवरचा घोटाळा होतो.

आपल्याकडची अनेक आईवडील मंडळी अमेरिकेत मुलांकडे जातात आणि नायगारा पाहून येतात, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. भारतीय सिमवर फक्त अमेरिकेपुरतं रोमिंग पॅक घेतलेलं आहे. नदीच्या एका काठावर अमेरिका, दुसऱ्या काठावर कॅनडा, आणि सीमा पाण्यातून जाते. पर्यटक अमेरिकेच्या बाजूने दरीत, धबधब्याच्या पायथ्याशी उतरतात. वरच्या अमेरिकन टॉवरच्या लहरी कड्याने अडतात. समोर मात्र मोकळं पाणी, आणि त्यापलीकडे कॅनडाचा काठ. पाण्यावरून लहरींना अडथळा नसतो.

प्रत्येक जाळं आपल्या लहरींतून एक क्रमांक सतत सांगत असतं. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे: भारताचे 404 आणि 405, अमेरिकेचे 310 पासून पुढचे काही, कॅनडाचा 302. आपण कुठे उभे आहोत हे फोन यासाठी तपासत नाही. कानावर पडलेला क्रमांक आणि सिममधली यादी, एवढ्यावरच तो ठरवतो.

पलीकडचा सिग्नल जोरदार आहे म्हणून फोन तिकडे उडी मारतो, असा समज आहे. तसं होत नाही. चालू जाळं वापरण्याजोगं आहे तोवर फोन त्यालाच धरून राहतो. ते निसटलं, की शोध सुरू होतो. आधी घरचं जाळं, मग सिममध्ये पसंतीने लिहिलेली जाळी, मग जोरदार ऐकू येणारी उरलेली. दरीत 302 ऐकू येतो, कॅनडाची कंपनी करार पाहून होकार देते, आणि जोडणी होते.

खरी मेख पुढे आहे. पर्यटक वर आले, अमेरिकन सिग्नल पुन्हा भरपूर मिळू लागला, तरी फोन परतत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार परक्या जाळ्यावरचा फोन ठरावीक काळाने अधिक पसंतीचं जाळं शोधतो. हा काळ सिममध्ये सहा मिनिटांच्या पटीत लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर एक तास धरतात. पण हा शोध सध्याचं जाळं ज्या देशाचं आहे, त्याच देशापुरता असतो. नाहीतर परदेशात फिरणारा प्रत्येक फोन हजारो मैलांवरचं घर शोधत बॅटरी संपवत बसला असता. म्हणजे कॅनडाच्या जाळ्यावरचा फोन कॅनडातच शोधतो. तो सिग्नल पूर्ण तुटेपर्यंत तो तिथेच राहू शकतो. बंद करून चालू केल्यानेही खात्री नाही, कारण चालू होताना फोन आधी शेवटचं जाळंच शोधतो.

दरम्यान फोटो आपोआप वर चढत असतात. समजा, पॅकबाहेरचा दर एका एमबीला 50 रुपये आहे आणि 40 एमबी गेले. झाले 2,000 रुपये. नोंद कॅनडाच्या कंपनीकडे होते आणि तिच्याकडून आपल्या कंपनीला जाते. त्या नोंदीत टॉवर कोणाचा एवढंच असतं, पाय कुठल्या देशात होते हे नसतं. शिवाय ही नोंद उशिरा पोचू शकते, म्हणून रक्कम अचानक समोर येते.

ओळखायचं कसं? परदेशात गेल्यावर फोनचं घड्याळ बदलतं, पण नायगाऱ्याच्या दोन्ही काठांवर वेळ एकच, त्यामुळे ती खूण इथे नाही. उरतात दोन: पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि ‘कॅनडात स्वागत’ असा संदेश. हा संदेश कंटाळून पुसू नये; किती वाजता फोन पलीकडे गेला याचा तोच पुरावा. तक्रार करायची तर त्याच दिवसाचं अमेरिकेतल्या काठावरचं तिकीट त्याच्यासोबत जोडता येतं.

डेटा रोमिंग बंद करणं हा अमेरिकन सिमवाल्या मुलाचा उपाय. त्याला घरच्या जाळ्यावर रोमिंग लागतच नाही. भारतीय सिमला मात्र अमेरिकेतही रोमिंगच आहे, ते बंद केलं तर पॅकही वाया. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करावी आणि पॅकमधली अमेरिकन कंपनी हाताने निवडावी. मग दरीत फोन गप्प राहील, पण नदी ओलांडणार नाही. मुंबईला उतरल्यावर आपोआप निवड पुन्हा चालू करायची, नाहीतर घरी येऊनही फोन नायगाऱ्याचाच टॉवर शोधत बसेल.