आधी तोटा ठरवा, मग सौद्याचा आकार

बिटकॉइनच्या पर्पेच्युअल वायद्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याचा हात बहुतेक वेळा आधी लिव्हरेजच्या आकड्याकडे जातो. ५ पट घ्यावं, २० पट घ्यावं की थेट ५० पट? सौदा केवढा असावा हे त्या आकड्यावर ठरतं, असा त्याचा समज असतो. खरं तर लिव्हरेज हा शेवटी भरायचा आकडा आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे: हा सौदा चुकला तर खात्यातून किती पैसे जाऊ द्यायचे?

पर्पेच्युअल म्हणजे मुदत नसलेला वायदा. नेहमीच्या वायद्याची मुदत संपली की हिशोब चुकता होतो. इथे मुदतच नसल्यामुळे सौदा हवा तितका काळ उघडा ठेवता येतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी अशा वायद्याची कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. क्रिप्टोच्या बाजारात तो रूढ झाला २०१६ मध्ये बिटमेक्सने बिटकॉइनचा पर्पेच्युअल आणल्यावर. त्यात वस्तूची पूर्ण किंमत मोजावी लागत नाही, फक्त मार्जिन अडकवावं लागतं. त्यामुळेच सौदा किती मोठा झाला आहे हे पटकन लक्षात येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. खात्यात ५,००० यूएसडीटी आहेत (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं). एका सौद्यात खात्याच्या १ टक्क्यापेक्षा जास्त गमवायचं नाही असा नियम ठरवला, म्हणजे जोखीम ५० यूएसडीटी. बिटकॉइन ६०,००० वर आहे आणि भाव वर जाईल असं वाटतं. चार्ट पाहून असं दिसतं की भाव ५८,८०० च्या खाली गेला तर आपला अंदाजच चुकलेला असेल. तिथे स्टॉप लॉस. एंट्री आणि स्टॉप यांत अंतर १,२०० चं, म्हणजे २ टक्के.

आता एक पूर्ण बिटकॉइन घेतला असता तर स्टॉप लागल्यावर १,२०० गेले असते. आपल्याला तर ५० च जाऊ द्यायचे आहेत. म्हणून ५० ला १,२०० ने भागायचं. पण त्याआधी ब्रोकरेज धरायला हवं. सौद्यात शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येकी ०.०५ टक्के फी धरली, तर एका बिटकॉइनमागे ती साधारण ५९ होते. म्हणून भाजक १,२५९.

संख्या = खात्याची जोखीम ÷ (स्टॉपचं अंतर + दोन्ही बाजूंची फी)

५० ÷ १,२५९ म्हणजे ०.०३९७. एक्स्चेंजवर तीन दशांश स्थळांपर्यंतच संख्या घेता येते असं धरलं, तर ती खालीच आणायची: ०.०३९ बिटकॉइन. या सौद्याचं एकूण मूल्य २,३४० यूएसडीटी. स्टॉप लागला तर सुमारे ४७ भावातून आणि २ पेक्षा थोडे जास्त फीतून, मिळून ४९ च्या आसपास जातील. नियम पाळला गेला.

या सगळ्या हिशोबात लिव्हरेज कुठेही आलं नाही. ते येतं आता, आणि ते फक्त किती मार्जिन अडकेल हे ठरवतं. १० पट घेतलं तर २३४ अडकतील, २० पट घेतलं तर ११७. दोन्हीकडे स्टॉप लागल्यावरचा तोटा तोच, कारण संख्या तीच आणि अंतरही तेच.

गडबड होते ती उलट्या क्रमाने गेल्यावर. ‘खात्याच्या फक्त १० टक्के लावतो’ म्हणत कोणी ५०० यूएसडीटी मार्जिन आणि २० पट लिव्हरेज घेतलं, तर सौदा १०,००० चा झाला. तोच २ टक्क्यांचा स्टॉप लागला की २०० गेले, म्हणजे खात्याचे ४ टक्के. मार्जिन म्हणजेच जोखीम असं मानलं की हिशोब असा चुकतो.

स्टॉप दूर असेल तर सौदा आपोआप लहान व्हायला हवा. याच खात्यात स्टॉप ५७,००० ला ठेवायचा झाला, तर अंतर ३,००० होतं आणि संख्या उतरते ०.०१६ वर. मोठा सौदा करायची इच्छा आहे म्हणून स्टॉप जवळ ओढणं ही नेहमीची चूक. स्टॉपची जागा चार्टने ठरवायची आणि संख्या स्टॉपने.

मग लिव्हरेज कितीही घेतलं तरी चालेल का? नाही. ५० पट घेतलं तर मार्जिन फक्त ४६.८ अडकतं, पण आयसोलेटेड मार्जिनमध्ये, मेंटेनन्स मार्जिन अर्धा टक्का धरलं, तर ५९,१०० च्या आसपासच लिक्विडेशन होतं. म्हणजे ५८,८०० चा स्टॉप यायच्या आधीच एक्स्चेंज सौदा बंद करून टाकतं. २० पटीला हीच पातळी सुमारे ५७,३०० वर जाते, स्टॉपच्या बरीच खाली. लिक्विडेशनचं अंतर स्टॉपच्या अंतराच्या निदान दुप्पट राहील इतपतच लिव्हरेज ठेवावं. इथे आयसोलेटेड मार्जिनचा आणखी एक फायदा आहे. स्टॉप काही कारणाने चाललाच नाही, तरी नुकसान साधारणपणे त्या ११७ पाशी थांबतं. क्रॉस मार्जिनमध्ये मात्र खात्यातली सगळी शिल्लक त्या सौद्यामागे उभी असते.

स्टॉप ठरल्या भावाला पार पडेलच याची खात्री नसते. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइन ८,००० च्या जवळून एकाच दिवसात ५,००० च्या खाली आला. अशा घसरणीत स्टॉपची मार्केट ऑर्डर समोर जो भाव मिळेल त्याला पार पडते. १ टक्क्याच्या नियमाचे त्या दिवशी दीड-दोन टक्के होऊ शकतात. १० टक्क्यांचा नियम असणाऱ्याचं १५-२० टक्के खातं जाऊ शकतं.

सौदा लांबला तर फंडिंगही मोजावं. अनेक एक्स्चेंजवर दर ८ तासांनी खरेदीदार आणि विक्रेते एकमेकांना ही रक्कम देतात आणि ती मार्जिनवर नाही, सौद्याच्या पूर्ण मूल्यावर लागते. ०.०१ टक्का दराने २,३४० वर एका वेळी ०.२३ होतात. दोन दिवसांत ते जाणवणार नाहीत. पण महिनाभर दर तोच राहिला तर २१ होतील, म्हणजे ठरवलेल्या जोखमीच्या ४० टक्क्यांहून जास्त. शिवाय बिटकॉइन, इथेरियम आणि सोलाना यांत एकाच वेळी खरेदी केली, तर ते १-१ टक्क्याचे तीन वेगळे सौदे राहत नाहीत. बाजार कोसळला की तिन्हींचे स्टॉप बहुधा एकत्रच लागतात.

टक्का लहान का ठेवायचा, हे सलग तोट्यांतून दिसतं. दरवेळी उरलेल्या खात्याचा १ टक्का गेला, तर लागोपाठ १० तोट्यांनंतर ५,००० चे सुमारे ४,५२० उरतात. दरवेळी १० टक्के गेले तर उरतात सुमारे १,७४०, आणि मूळ रकमेवर परत यायला १८७ टक्के कमवावे लागतात.

म्हणून स्टॉप लागलेल्या प्रत्येक सौद्याची वहीत नोंद करावी: ठरवलेला तोटा किती आणि प्रत्यक्ष गेले किती. ५० च्या जागी वारंवार ५८-६० जात असतील, तर घसरलेला भाव, फी आणि फंडिंग भाजकात कमी धरले जात आहेत. पुढच्या सौद्याची संख्या काढताना ते वाढवून घ्यावेत.